अर्धपरिमिती आकृतीत कुठे असते?

हिरोचं सूत्र मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, याचा हिशोब नाही. त्रिकोणाच्या तीन बाजू a, b, c, त्यांच्या बेरजेच्या निम्मी अर्धपरिमिती s, आणि मग वर्गमुळात s, (s − a), (s − b), (s − c) यांचा गुणाकार. मुलं पाठ करतात, किमती घालतात, क्षेत्रफळ काढतात. त्या दिवशीही तेच चाललं होतं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "सर, a म्हणजे ही बाजू, ते दिसतंय. पण s कुठे आहे? आकृतीत दाखवा ना."

मी म्हणालो, "अगं, ती तिन्ही बाजूंची मिळून निम्मी लांबी."

"ते कळलं, सर. पण ती आहे कुठे?"

मला दाखवता आली नाही. त्रिकोणाची परिमिती बोटाने गिरवता येते, तिन्ही बाजूंवरून फिरून परत निघालो तिथे यायचं. निम्मी परिमिती मात्र कुठल्यातरी बाजूच्या मध्येच तुटते आणि ते तुटण्याचं ठिकाण आपण कुठून निघालो यावर ठरतं. (s − a) तर आणखी अवघड. निम्म्या परिमितीतून एक अख्खी बाजू वजा केली की उरतं ते नेमकं काय? मी तिला म्हणालो, "उद्या सांगतो." घरी येऊन कंपास काढला.

अंतर्वर्तुळाने काम भागेल असं आधी वाटलं होतं. त्रिकोणाच्या आत तिन्ही बाजूंना स्पर्श करणारं वर्तुळ काढा, त्याचं केंद्र तिन्ही शिरोबिंदूंना जोडा. त्रिकोणाचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याची उंची म्हणजे वर्तुळाची त्रिज्या r. तुकड्यांची क्षेत्रफळं मिळवून अख्ख्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ Δ लिहिलं की

Δ = r × s

हे सूत्र मिळतं. त्यातही s येतो, पण बेरजेतून येतो, तीन निम्म्या बाजू एकापुढे एक ठेवल्यासारखा. एक सलग रेघ म्हणून तो दिसत नाही. ती रेघ बघायची तर त्रिकोणाच्या बाहेर पडावं लागतं.

माझ्यासमोर बाजू होत्या १३, १४ आणि १५. हा त्रिकोण माझ्या फार आवडीचा आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० साली, याच त्रिकोणाचं उदाहरण आहे, १४ भूमी आणि १३ व १५ या दोन भुजा. तो आवडायचं कारण असं की १४ ही बाजू पाया धरली तर उंची बरोबर १२ येते आणि लंबाचा पाय पायाचे ५ आणि ९ असे पूर्णांक भाग करतो. ५, १२, १३ आणि ९, १२, १५ असे दोन काटकोन त्रिकोण पाठीला पाठ लावून उभे केलेत, एवढंच. क्षेत्रफळ निम्मे गुणिले १४ गुणिले १२, म्हणजे ८४. परिमिती ४२, म्हणून s = २१. आणि ८४ भागिले २१ केलं की अंतर्वर्तुळाची त्रिज्या ४. कुठेही अपूर्णांक आडवा येत नाही.

मोठ्या ड्रॉइंग पेपरवर मी सेंटिमीटरच्या मापाने तो काढला. पाया BC आडवा, १४ सेंमी. डावीकडे B, उजवीकडे C, वर A. AB = १३, AC = १५. म्हणजे A समोरची बाजू a = १४, B समोरची b = १५, C समोरची c = १३. मग AB ही बाजू B च्या खाली वाढवली, AC ही C च्या खाली वाढवली. आता BC च्या खाली एक उघडी जागा तयार झाली, वर BC चं झाकण आणि दोन्हीकडे पसरत जाणाऱ्या दोन रेघा. या जागेत बसणारं, तिन्हींना स्पर्श करणारं वर्तुळ म्हणजे A समोरचं बहिर्वर्तुळ. अशी वर्तुळं तीन असतात, प्रत्येक बाजूच्या पलीकडे एक. मी एकच काढायला घेतलं.

केंद्र शोधायला B आणि C यांच्या बाह्यकोनांचे दुभाजक काढायचे. ते जिथे छेदतात ते केंद्र, त्याला J म्हणू. A च्या आतल्या कोनाचा दुभाजकही तिथूनच गेला पाहिजे, आणि हीच कामाची तपासणी आहे. तीन रेघा एका बिंदूत न मिळता बारीकसा त्रिकोण उरला, तर कुठल्यातरी दुभाजकात चूक आहे असं समजावं. माझी पहिली आकृती इथे पास झाली आणि पुढच्या पायरीला फसली. कंपासचं टोक J वर ठेवून मी पेन्सिल B पर्यंत उघडली आणि वर्तुळ फिरवलं. ते BC ला स्पर्श करायच्या ऐवजी कापून वर त्रिकोणात शिरलं. परिवर्तुळ काढायची इतकी सवय झालेली असते की हात आपोआप शिरोबिंदूकडे जातो. इथे J पासून BC वर लंब टाकायचा आणि लंबाच्या लांबीएवढा कंपास उघडायचा. या आकृतीत J ते B अंतर साधारण १४.४ सेंमी भरतं आणि लंब भरतो १२ सेंमी. फरक एवढा ढळढळीत आहे, तरी चूक होते.

दुसऱ्या खेपेला वर्तुळ नीट बसलं. त्रिज्या १२. ते BC ला जिथे स्पर्श करतं तो बिंदू E, वाढवलेल्या AB वरचा स्पर्शबिंदू F आणि वाढवलेल्या AC वरचा G. मग मी फुटपट्टी A वर लावून F पर्यंत मोजलं.

२१ सेंमी.

G पर्यंत मोजलं, तेही २१. मी थोडा वेळ पट्टी तशीच धरून बसलो होतो. s तिथे होता. A पासून निघणारी, मोजता येणारी, सलग सरळ रेघ. ती बघायला त्रिकोणाच्या बाहेर जावं लागतं, म्हणून इतकी वर्षं दिसली नव्हती.

हा योगायोग नाही, आणि कारण समजायला स्पर्शिकाखंडांचं प्रमेय पुरतं. वर्तुळाबाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड सारखे असतात. A पासून पाहिलं तर AF = AG. B पासून पाहिलं तर BF = BE. C पासून पाहिलं तर CG = CE. आता A पासून F पर्यंतची रेघ म्हणजे AB अधिक BF. तिच्यातला BF हा तुकडा B भोवती वळवून BC वर आणून ठेवा, तो थेट E पर्यंत पोचतो. दुसऱ्या बाजूने CG हा तुकडा C भोवती वळवा, तोही E पर्यंतच येतो. म्हणजे AF आणि AG या दोन सरळ रेघा आत दुमडल्या की त्रिकोणाची अख्खी कड तयार होते. दोघींची बेरीज परिमिती, दोघी सारख्या, म्हणून प्रत्येक s.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तो कागद नेला आणि सोबत दोरा. त्या मुलीला बोलावलं. तिने त्रिकोणाभोवती दोरा फिरवला, ४२ सेंमीवर कापला, दुमडून निम्मा केला. मी म्हटलं, आता याचं एक टोक A वर धर आणि AB च्या रेघेवरून खाली ताणून धर. दोरा B ओलांडून पुढे गेला आणि वर्तुळ जिथे रेघेला टेकतं तिथेच संपला. तिने दोरा उचलला आणि AC वरून लावून पाहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "म्हणजे s इथे आहे."

एकदा s ची जागा सापडली की वजाबाक्यांनाही जागा मिळतात. A ते F अंतर s आहे आणि त्यातला AB हा भाग c आहे, म्हणून उरलेला BF म्हणजे (s − c). आपल्या आकृतीत २१ मधून १३ गेले, राहिले ८. तेवढाच BE. तसाच CE म्हणजे (s − b), २१ मधून १५ गेले, राहिले ६. आठ आणि सहा मिळून १४, म्हणजे BC पुरी होते.

आतल्या वर्तुळाचंही हेच गणित, फक्त उलट्या अंगाने. अंतर्वर्तुळ BC ला जिथे स्पर्श करतं तो बिंदू D. तिथे BD = s − b = ६ आणि CD = s − c = ८. म्हणजे पायावर B पासून ६ सेंमीवर आतलं वर्तुळ वरून टेकतं आणि ८ सेंमीवर बाहेरचं खालून टेकतं. मध्यबिंदू ७ वर, दोघांच्या बरोबर मध्ये. कच्च्या आकृतीत आपण ही दोन्ही वर्तुळं एकाच बिंदूत चिकटवून टाकतो. तसं फक्त AB आणि AC सारख्या असतील तेव्हाच होतं. बाकी सगळ्या त्रिकोणांत दोन स्पर्शबिंदू वेगळे पडतात आणि त्यांच्यातलं अंतर b आणि c यांच्या फरकाएवढं असतं. इथे १५ वजा १३, दोन सेंमी.

E हा बिंदू आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. A पासून कडेकडेने डावीकडून E पर्यंत गेलात तर १३ अधिक ८, एकवीस. उजवीकडून गेलात तर १५ अधिक ६, एकवीस. बहिर्वर्तुळ ज्या ठिकाणी बाजूला टेकतं ते ठिकाण समोरच्या शिरोबिंदूपासून परिमितीचे दोन सारखे भाग करतं. निम्मी परिमिती कुठे तुटते हा माझा आदल्या दिवशीचा अडलेला प्रश्न होता, त्याचंही उत्तर इथे आहे. मुलांना हे सांगितलं की कोणीतरी लगेच म्हणतं, मग AE ही रेघ त्रिकोणाचे दोन सारखे तुकडे करत असेल. करत नाही. उंची दोन्ही तुकड्यांची १२ आहे, पण पाया एकाचा ८ आणि दुसऱ्याचा ६, म्हणून क्षेत्रफळं ४८ आणि ३६. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर मध्यबिंदूकडे जावं लागतं. अशा तिन्ही रेघा, प्रत्येक शिरोबिंदूपासून समोरच्या बहिर्वर्तुळाच्या स्पर्शबिंदूपर्यंत, एकाच बिंदूत मिळतात. त्याला नागेल बिंदू म्हणतात, जर्मन गणिती नागेल यांच्या १८३६ मधल्या कामावरून.

आता त्रिज्येकडे वळतो. अंतर्वर्तुळाच्या वेळी केंद्र शिरोबिंदूंना जोडून तीन तुकड्यांची बेरीज केली होती. इथेही J हे केंद्र A, B, C यांना जोडायचं. पण J त्रिकोणाच्या बाहेर आहे, म्हणून बेरीज नुसती करून चालत नाही. ABJ आणि ACJ हे दोन त्रिकोण मिळून एक मोठी पतंगासारखी आकृती होते आणि तिच्यात आपला ABC तर असतोच, शिवाय BC च्या खालचा BCJ हा तुकडाही असतो. तो जास्तीचा तुकडा काढून टाकायचा. तिन्ही तुकड्यांची उंची एकच, बहिर्वर्तुळाची त्रिज्या १२. AB वरच्या तुकड्याचं क्षेत्रफळ ७८, AC वरच्याचं ९०, BC वरच्याचं ८४. अठ्ठ्याहत्तर अधिक नव्वद वजा चौऱ्याऐंशी, बरोबर ८४. अक्षरांत लिहिलं तर त्रिज्येचा निम्मा गुणिले (b + c − a), आणि (b + c − a) चा निम्मा म्हणजे (s − a). म्हणून

Δ = r_a × (s − a)

यातलं r_a म्हणजे a या बाजूच्या पलीकडच्या बहिर्वर्तुळाची त्रिज्या. तसंच b साठी आणि c साठी.

या सूत्रातलं वजाचं चिन्ह मला फार आवडतं, कारण ते कागदावर कापून दाखवता येतं. BC च्या खालचा तुकडा कात्रीने काढून टाकला की तीच वजाबाकी. आतल्या वर्तुळाला तीन बाजूंनी वेढलेलं असतं म्हणून तिन्ही बाजू मिळवायच्या. बाहेरच्या वर्तुळासाठी एक बाजू उलट्या अंगाला असते म्हणून ती वजा करायची. एवढं डोळ्यांसमोर असलं की परीक्षेत s − a की s + a असा गोंधळ होत नाही.

दुसरा गोंधळ मात्र होतो, तो कुठलं वर्तुळ कोणाचं याचा. r_a हे A समोरचं, म्हणजे a या बाजूला टेकलेलं. कोणी A च्या बाजूला असलेलं समजून बसतं आणि त्रिज्यांची अदलाबदल होते. आपल्या त्रिकोणात s − a = ७, s − b = ६, s − c = ८, म्हणून त्रिज्या अनुक्रमे १२, १४ आणि १०.५. सर्वांत लांब बाजू १५, तिच्या पलीकडचं वर्तुळ सर्वांत मोठं, १४ चं. हे नेहमीच असं असतं, कारण बाजू जितकी मोठी तितकी वजाबाकी लहान आणि भागाकार मोठा. उत्तरात सर्वांत लहान बाजूसमोर सर्वांत मोठी त्रिज्या आली की मागे जाऊन पाहावं.

याहून पक्की तपासणी व्यस्तांची आहे. प्रत्येक त्रिज्येचा व्यस्त घेतला तर (s − a) भागिले Δ, (s − b) भागिले Δ, (s − c) भागिले Δ असे तीन अपूर्णांक येतात. वरच्या तीन वजाबाक्यांची बेरीज 3s − 2s, म्हणजे नुसता s. आणि s भागिले Δ हा आतल्या त्रिज्येचा व्यस्त.

1/r_a + 1/r_b + 1/r_c = 1/r

इथे ७, ६ आणि ८ मिळून २१, एकवीस भागिले ८४ म्हणजे एक चतुर्थांश, आणि r आहे ४. जमलं.

आतापर्यंत आत आणि बाहेर असे दोन वेगळे हिशोब चालले होते. ते जिथे एकमेकांना भेटतात ती जागा B हा शिरोबिंदू. अंतर्वर्तुळाचं केंद्र I हे B च्या आतल्या कोनाच्या दुभाजकावर आहे, J हे बाहेरच्या कोनाच्या दुभाजकावर. आतला कोन आणि बाहेरचा कोन मिळून १८० अंश, म्हणून त्यांच्या निम्म्यांची बेरीज ९०. म्हणजे BI आणि BJ या रेघा एकमेकींशी काटकोन करतात. आता दोन छोटे काटकोन त्रिकोण पाहा. एक BC च्या वर, B, D आणि I यांचा. त्याच्या काटकोनाच्या बाजू BD = ६ आणि DI = ४. दुसरा BC च्या खाली, B, E आणि J यांचा. त्याच्या बाजू BE = ८ आणि EJ = १२. B पाशी काटकोन असल्यामुळे पहिल्याचा B पाशी जो कोन, तोच दुसऱ्याचा J पाशी. दोघे समरूप. चाराला सहा, तसे आठाला बारा. अक्षरांत,

r × r_a = (s − b)(s − c)

चार गुणिले बारा अठ्ठेचाळीस, सहा गुणिले आठ अठ्ठेचाळीस.

आणि आता हिरोचं सूत्र आपोआप पुढ्यात येतं. क्षेत्रफळ एकदा आतून लिहा, r × s. एकदा बाहेरून लिहा, r_a × (s − a). दोन्ही एकमेकांत गुणा. डावीकडे Δ चा वर्ग. उजवीकडे s, (s − a) आणि r × r_a. त्या शेवटच्या जोडीच्या जागी आताच मिळालेला गुणाकार ठेवा:

Δ² = s(s − a)(s − b)(s − c)

२१ गुणिले ७ गुणिले ६ गुणिले ८ म्हणजे ७०५६, आणि तो ८४ चा वर्ग. त्रिकोणमिती लागली नाही, बीजगणिताची लांबलचक रांग लागली नाही. वर्गमुळातले चारही अवयव आकृतीत आहेत. s ही A पासून F पर्यंतची रेघ, त्यातला BF हा तुकडा (s − c), पायावरचा CE हा (s − b). आणि (s − a) ही A पासून आतल्या वर्तुळाच्या स्पर्शबिंदूपर्यंतची रेघ, इथे सात. वर्गमुळ का येतं हेही इथेच कळतं. आपण क्षेत्रफळ दोनदा मोजलं, एकदा आतून आणि एकदा बाहेरून, आणि दोन्ही मोजण्या गुणल्या.

अलेक्झांड्रियाच्या हिरोने 'मेट्रिका' या ग्रंथात या सूत्राची जी सिद्धता दिली आहे तिच्यात बहिर्वर्तुळ नाही, फक्त अंतर्वर्तुळ आहे. पण तोही पाया एका टोकाला वाढवतो, वाढवलेल्या भागात एक स्पर्शिकाखंड मांडतो आणि पायासकट अख्खी रेघ अर्धपरिमितीएवढी करून घेतो. सूत्राला हात घालण्याआधी त्यालाही s रेघ म्हणून कागदावर हवा होता. त्याचं उदाहरण ७, ८, ९ बाजूंचं आहे, ज्यात वर्गमुळात ७२० येतात आणि त्याला वर्गमुळाची जवळची किंमत काढत बसावं लागतं. या ग्रंथाचं हस्तलिखित १८९६ साली इस्तंबूलमध्ये सापडलं. त्या आधी बराच काळ त्याची ही सिद्धता दुसऱ्या वाटांनीच पोचलेली होती.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती मला कागदावरच भेटली. उत्साहाच्या भरात मी एक चपटा त्रिकोण घेतला. दोन बाजू १० सेंमीच्या आणि तिसरी १९.८. अर्धपरिमिती १९.९, त्यातून मोठी बाजू वजा केली की उरतो ०.१, म्हणजे एक मिलिमीटर. क्षेत्रफळ साधारण १४ चौरस सेंमी. त्याला ०.१ ने भागलं की मोठ्या बाजूपलीकडच्या वर्तुळाची त्रिज्या जवळपास १४० सेंमी. टेबलावर मावणार नाही इतकं मोठं वर्तुळ, एका पेन्सिलीएवढ्या त्रिकोणाचं. आणि ती मोठी बाजू एका मिलिमीटरने वाढवून १९.९ केली तर त्रिज्या जाते जवळपास १९९ वर. टोकदार पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीएवढ्या चुकीने केंद्र कित्येक सेंटिमीटर सरकतं. दोष सूत्राचा नाही. जवळजवळ सारख्या दोन लांबींची वजाबाकी केली की मोजण्यातली सगळी चूक त्या उरलेल्या चिमटीत गोळा होते आणि मग तिनेच भागायचं असतं. त्याच त्रिकोणाचं अंतर्वर्तुळ मात्र ०.७ वरून ०.५ वर येतं, डोळ्याला फारसं कळतही नाही. आकृती काढून पडताळायचं असेल तर चपटे त्रिकोण टाळावेत.

दोऱ्याच्या तासानंतर आठवडाभराने मी वर्गाला उलटा प्रश्न दिला. बाजू सांगितल्या नाहीत, तीन बहिर्वर्तुळांच्या त्रिज्या सांगितल्या: १२, १४, १०.५. त्रिकोण शोधा. व्यस्त मिळवले की r = ४ येतो हे काही जणांनी काढलं आणि तिथे अडले, कारण पुढे क्षेत्रफळ हवं आणि त्याला s हवा. वाट अशी आहे: चारही त्रिज्या एकमेकांत गुणायच्या. प्रत्येक त्रिज्या म्हणजे Δ भागिले काहीतरी, म्हणून वर Δ चार वेळा आणि खाली नेमकं हिरोच्या सूत्रातलं s(s − a)(s − b)(s − c), म्हणजे Δ दोन वेळा. उरतं

r × r_a × r_b × r_c = Δ²

४ गुणिले १२ गुणिले १४ गुणिले १०.५, पुन्हा ७०५६. क्षेत्रफळ ८४, म्हणून s २१, आणि मग ८४ ला एकेका त्रिज्येने भागून ७, ६, ८. एकवीसातून ते वजा केले की १४, १५, १३.

तास संपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली. तिने वहीच्या मागच्या पानावर स्वतःच एक उदाहरण घेतलं होतं, त्रिज्या २, ३ आणि ६. एक द्वितीयांश, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश मिळून एक, म्हणून आतली त्रिज्या १. चौघांचा गुणाकार ३६, क्षेत्रफळ ६, s सुद्धा ६. भागाकार ३, २, १, आणि बाजू ३, ४, ५.

"सर, सगळ्यात मोठ्या वर्तुळाची त्रिज्या सहा आली आणि s पण सहाच. माझं चुकलं का?"

चुकलं नव्हतं. मी तिला काटकोनाचा कोपरा काढून दिला आणि कर्णाच्या पलीकडचं वर्तुळ तिलाच काढायला सांगितलं. तिने काटकोनाच्या दोन्ही बाजू वाढवल्या, कोपऱ्यापासून सहा सेंमीवर दोन्हीकडे स्पर्शबिंदूंच्या खुणा केल्या, कारण तिथून स्पर्शिकाखंड s असणार हे तिला आता माहीत होतं. मग त्या खुणांवर लंब उभे केले. ते जिथे मिळाले तिथे केंद्र, आणि कोपरा, दोन खुणा आणि केंद्र मिळून सहा बाय सहाचा चौरस झाला होता. तिने कंपास केंद्रावर ठेवला आणि वर्तुळ फिरवलं. ते कर्णाला अलगद टेकून गेलं.